जागा एकवीस, गाड्या तीस : पार्किंगच्या पाळीची नोटीस कशी तयार झाली

पार्किंगची पाळी लावायची ठरली की कमिटीतला कुणीतरी लगेच नोटीस लिहायला बसतो. खरं तर नोटीस हे शेवटचं काम आहे. तिच्याआधी तीन आकडे पक्के व्हावे लागतात : पाळीत फिरवायच्या जागा किती, पात्र गाड्या किती आणि एका वेळी बाहेर राहणार किती जण. हे आकडे डळमळीत असले तर नोटीस कितीही गोड भाषेत लिहा, लागल्या दिवशी तिच्याखाली आक्षेप जमा होतात. पुण्यातल्या आमच्या ४० फ्लॅटच्या सोसायटीत हे काम जून ते सप्टेंबर चाललं. ते ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

जागा मोजताना पहिला कागद म्हणजे महापालिकेने मंजूर केलेला नकाशा. फरशीवर रंगवलेले पट्टे धरून चालायचं नाही. आमच्या नकाशात २६ जागा होत्या. त्यांतली दोन बंदिस्त गॅरेजेस होती, नकाशातही तशीच दाखवलेली आणि नोंदणी झालेल्या करारनाम्यात नमूद केलेली. ती पाळीतून वगळली. दोन जागा पाहुण्यांसाठी राखीव. राहिल्या बावीस. हे बावीस खरे आहेत का, ते टेप घेऊन तपासलं. नकाशातली जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते, पण स्टिल्टमध्ये ते माप अनेकदा खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं निघतं. गिलाव्यासकट खांबाच्या अंगापासून अंगापर्यंत टेप धरला तर दोन जागा २.३० मीटरच्या आसपास भरल्या. तिथे मोठी गाडी जाते, पण ड्रायव्हरला दार पुरतं उघडता येत नाही. त्या दोन जागांवर ‘लहान गाडी’ असा शिक्का यादीतच मारला. पुढे त्या कुणाच्या वाट्याला येणार हा वाद तिथेच मिटला.

त्याच फेरीत मीटर रूमचं दार, पंप रूम, पाण्याच्या टाकीची झाकणं आणि आगीच्या पाइपांचे व्हॉल्व्ह यांच्यापुढच्या जागेवर पिवळे पट्टे मारले. वर्षानुवर्षं तिथे गाड्या लागत असल्यामुळे ‘आपल्याकडे पंचवीस-सत्तावीस जागा आहेत’ असा सर्वांचा समज झालेला असतो. तो समज नोटिशीच्या आधी दूर झाला पाहिजे. नाहीतर कमिटीने जागा कमी दाखवल्या असा आरोप होतो.

बिल्डरने स्टिल्टमधली जागा ‘विकली’ असं सांगणारे सभासद जुन्या इमारतींत हमखास असतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात निकाल दिला आहे की मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्याखाली स्टिल्ट किंवा मोकळं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती इमारतीची सामाईक जागा आहे. मात्र हा निकाल सभेत एकदम अंगावर टाकू नये. आम्ही आधी पत्र काढून सांगितलं की ज्यांचा दावा आहे त्यांनी पंधरा दिवसांत करारनाम्याच्या संबंधित पानाची प्रत द्यावी. प्रती आल्यावर प्रत्येक दाव्याला वेगळं लेखी उत्तर दिलं, सोबत नकाशाची प्रत जोडली. ज्यांच्याकडे साध्या पावतीपलीकडे काही नव्हतं त्यांना पाळीत घेतलं. पण सगळ्यांना एकच ठेवणीतलं उत्तर पाठवलेलं नव्हतं, प्रत्येकाचा कागद वाचला होता. त्यामुळे सभेत हा विषय लांबला नाही.

आता गाड्या. महाराष्ट्रातल्या २०१४ च्या आदर्श उपविधींत पार्किंगचे नियम ७८ ते ८५ या क्रमांकांत आहेत. जुने उपविधी स्वीकारलेल्या सोसायटीत क्रमांक वेगळे असतील, म्हणून आपल्या प्रतीत बघूनच नोटिशीत लिहावेत. नियमांचं सार असं की गाडी असलेला सभासद पात्र, साधारणपणे एका सभासदाला एकच जागा, सगळ्यांना पुरून उरली तरच दुसरी आणि तीही वर्षापुरती. गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर सोडत काढायची. म्हणजे ‘माझ्या दोन गाड्या आहेत’ हा प्रश्न पहिल्या गाड्यांची सोय होईपर्यंत येतच नाही. अर्जासोबत आरसीची प्रत मागितली. गाडी सभासदाच्या किंवा त्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबीयाच्या नावावर असावी. कंपनीची असेल तर कंपनीचं पत्र, भाडेकरूची असेल तर भाडेकराराची प्रत आणि मूळ सभासदाची सही. एका फ्लॅटला एक अर्ज. असे ३१ अर्ज पात्र ठरले.

एका सभासदाकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र होतं. त्यांना लिफ्टजवळची, एका बाजूने मोकळी असलेली जागा कायम दिली आणि ती जागा व तो अर्ज दोन्ही पाळीतून काढले. दोन्ही काढायचे हे महत्त्वाचं. जागा काढली आणि माणूस यादीत राहिला तर पुढचं सगळं गणित एकाने चुकतं. अशा प्रकारे पाळीत राहिले ३० सभासद आणि २१ जागा. प्रत्येक फेरीत नऊ जण बाहेर.

इथपर्यंत कुणाचं दुमत नव्हतं. खरी चर्चा झाली ती या नऊ जणांना निवडायचं कसं यावर. दरवर्षी नव्याने चिठ्ठ्या टाकणं ही सर्वांना माहीत असलेली पद्धत, आणि ती निःपक्षपाती आहे हेही खरं. पण चिठ्ठीला मागचं वर्ष आठवत नाही. ३० जणांतून नऊ जण बाहेर जाणार असतील, तर यंदा बाहेर राहिलेल्या नऊंपैकी सरासरी दोन-तीन जण पुढच्या वर्षीही बाहेरच निघतात. सलग दोन वर्षं रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला ‘सोडत निःपक्षपाती होती’ हे उत्तर पुरत नाही.

दुसरी सूचना गट पाडण्याची होती : दहा-दहाचे तीन गट, वर्षात चार-चार महिन्यांच्या तीन फेऱ्या आणि दर फेरीत एक गट बाहेर. कागदावर ही फारच सुटसुटीत दिसते. तिच्यात दोन अडचणी आहेत. जागा २१ असताना दहा जण बाहेर ठेवले तर एक जागा वर्षभर रिकामी राहते. आणि त्याहून वाईट म्हणजे गट आणि फेऱ्या दोन्ही तीनच असल्यामुळे जून ते सप्टेंबर दरवर्षी एकच गट बाहेर राहतो. पावसाळ्यात झाडाखाली, तुंबलेल्या गटाराशेजारी गाडी लावणं आणि डिसेंबरात ती रस्त्यावर लावणं यांत किती फरक आहे, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून फिरती यादी घेतली. एकदाच चिठ्ठ्या टाकायच्या आणि ३० जणांचा क्रम लावायचा. पहिल्या फेरीत १ ते ९ बाहेर, दुसऱ्या फेरीत १० ते १८, तिसरीत १९ ते २७, चौथीत २८, २९, ३० आणि पुन्हा १ ते ६. पाचवी फेरी ७ पासून सुरू. यादी कधीच थांबत नाही आणि कधीच नव्याने सुरू होत नाही. कोणत्याही दिवशी हिशेब काढला तरी दोन सभासदांच्या बाहेर राहण्याच्या वेळांत एकाहून जास्त फरक पडत नाही. लागोपाठच्या दोन फेऱ्यांत कुणीही बाहेर जात नाही. मध्ये किमान दोन फेऱ्या जागा मिळतेच.

फेरी किती महिन्यांची, हे या पद्धतीतही जपून ठरवावं लागतं. ऑक्टोबरपासून चार महिन्यांची फेरी धरली तर यादीतला विसावा सभासद तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या फेरीत बाहेर येतो. म्हणजे लागोपाठ तीन वर्षं तिन्ही पावसाळ्यांत. आम्ही तीन महिन्यांची फेरी धरून वीस फेऱ्या, म्हणजे पाच वर्षं, कागदावर मांडून पाहिली. प्रत्येक जण सहा वेळा बाहेर येतो आणि त्या सहांपैकी जुलै-सप्टेंबरची तिमाही प्रत्येकाला एकदा किंवा दोनदाच येते. शिवाय मेन्टेनन्सचं बिल तिमाही असल्यामुळे फेरी आणि बिल एकाच दिवशी बदलतात. तुमच्या सोसायटीतले आकडे वेगळे असतील तर अशी पाच वर्षांची मांडणी आधी करून पाहा. चौकटीच्या वहीत अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सभेत ती वही दाखवता येते.

कमिटीला हे सगळं आपल्या अधिकारात लागू करता येत नाही. वाटपाची पद्धत सर्वसाधारण सभेच्या ठरावातून यावी लागते. वार्षिक सभेसाठी पूर्ण चौदा दिवसांची आणि विशेष सभेसाठी पूर्ण पाच दिवसांची सूचना लागते. ‘पूर्ण’ म्हणजे सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून. विषयपत्रिकेवर ‘पार्किंगबाबत चर्चा’ असं मोघम लिहू नये. ‘पार्किंग वाटपासाठी फिरत्या यादीची पद्धत मंजूर करणे, यादीचा क्रम सोडतीने काढणे व शुल्काचा दर ठरवणे’ असं पूर्ण लिहावं. मोघम विषयाखाली झालेल्या ठरावाला, सभेला न आलेला सभासद नंतर सहज हरकत घेऊ शकतो. उपविधींतली वर्षाची अट सांभाळण्यासाठी ठरावातच लिहिलं की अर्ज आणि आरसी दरवर्षी नव्याने घेतले जातील आणि वाटपाचं पत्र एका वर्षाचंच असेल. फक्त यादीचा क्रम पुढे चालू राहील.

सोडत त्याच सभेत काढली. एकाच कागदातून कापलेल्या, सारख्या घडीच्या तीस चिठ्ठ्या, त्यांवर फक्त फ्लॅट क्रमांक. डब्यात टाकताना मोठ्याने मोजल्या. गैरहजर सभासदांच्या चिठ्ठ्याही त्यात होत्या आणि कमिटीतल्यांच्याही, कुणाला वेगळी वागणूक नाही. एका लहान मुलीने चिठ्ठ्या काढल्या. कमिटीबाहेरच्या दोन सभासदांनी क्रम लिहून घेतला आणि त्या कागदावर सह्या केल्या. तो कागद इतिवृत्ताला जोडला. एक गोष्ट चिठ्ठ्या काढण्याआधी दोनदा सांगावी लागते : पहिला क्रमांक म्हणजे पहिली जागा नव्हे, पहिली बाहेरची पाळी. लोक सवयीने एक नंबरला टाळ्या वाजवतात आणि मग वाद होतो. म्हणून यादीचं नावच ‘बाहेरच्या पाळीची यादी’ ठेवलं.

एवढं झाल्यावर नोटीस लिहिली. ती अशी :

*सूचना*

*सर्व सभासदांस,*

*विषय : १ ऑक्टोबरपासून पार्किंगची फिरती पाळी*

*दि. २४ ऑगस्ट रोजी झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार कळवण्यात येते की, पाळीने द्यावयाच्या चारचाकींच्या जागा २१ आहेत व पात्र सभासद ३० आहेत. त्यामुळे प्रत्येक तिमाहीत ९ सभासदांना आवारात जागा मिळणार नाही.*

*सभेत सोडतीने ठरलेली बाहेरच्या पाळीची यादी सोबत जोडली आहे. पहिल्या वर्षी आवारात जागा नसणारे सभासद : ऑक्टोबर ते डिसेंबर, क्रमांक १ ते ९. जानेवारी ते मार्च, क्रमांक १० ते १८. एप्रिल ते जून, क्रमांक १९ ते २७. जुलै ते सप्टेंबर, क्रमांक २८ ते ३० व १ ते ६. पुढील वर्ष क्रमांक ७ पासून सुरू होईल.*

*ज्यांची पाळी बाहेर राहण्याची आहे त्यांनी तिमाहीच्या पहिल्या दिवशी सकाळी १० पर्यंत जागा मोकळी करावी. परत येणाऱ्यांनी दुपारी १२ नंतर गाडी आत आणावी. मोकळ्या झालेल्या जागा परत येणाऱ्यांत चिठ्ठीने वाटल्या जातील. ‘लहान गाडी’ असा शिक्का असलेल्या जागा लांबीने ४ मीटरपर्यंतच्या गाड्यांनाच मिळतील.*

*पार्किंग शुल्क सभेने ठरवलेल्या दराने, जागा मिळालेल्या तिमाहीपुरतेच आकारले जाईल. जागा घेऊन गाडी न लावल्यासही शुल्क द्यावे लागेल.*

*दोन सभासदांना परस्परसंमतीने पाळीची अदलाबदल करता येईल. एखाद्या तिमाहीत जागा नको असल्यास ती सोडता येईल व ती त्या सभासदाची बाहेरची पाळी म्हणून धरली जाईल. दोन्हीसाठी तिमाही सुरू होण्याच्या १५ दिवस आधी लेखी अर्ज द्यावा. जागा सोसायटीबाहेरील व्यक्तीस वापरायला किंवा भाड्याने देता येणार नाही.*

*यादीतील फ्लॅट क्रमांक, गाडीचा तपशील किंवा पात्रता याबाबत चूक आढळल्यास १० सप्टेंबरपर्यंत कार्यालयात लेखी कळवावे. त्यानंतर प्रत्येक सभासदास वर्षभराच्या पाळीचे पत्र देण्यात येईल.*

*कमिटीच्या आदेशावरून, सेक्रेटरी*

नोटीस दोन पानांची होऊ दिली नाही. यादी वेगळ्या कागदावर आणि नकाशा तिसऱ्या कागदावर. नोटीस बोर्डावर लावली, ईमेलने पाठवली आणि घरोघरी देऊन वहीत सही घेतली. बंद फ्लॅटच्या मालकांना रजिस्टर पोस्टाने. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली ती केवळ आठवण म्हणून, पोच म्हणून तिच्यावर विसंबलो नाही.

या नोटिशीत एक कलम मुद्दाम सोडलं आहे. मेन्टेनन्स थकवणाऱ्याला जागा देऊ नये, अशी मागणी सभेत जोरात झाली होती. थकबाकी वसूल करायला सहकार कायद्यात स्वतंत्र वाट आहे. ती पार्किंगच्या पाळीत मिसळली की थकबाकीचा आकडा बरोबर की चूक या वादात यादीच अडकून बसते आणि बाकीच्या एकोणतीस जणांची फेरी खोळंबते. शिक्षेचं हत्यार पाळीत नको, हे माझं ठाम मत आहे.

स्वेच्छेने जागा सोडण्याचं कलम सर्वांत उपयोगी पडलं, म्हणून त्याचं गणित सविस्तर सांगतो. समजा, क्रमांक २१ चे सभासद जानेवारी ते मार्च मुलीकडे परदेशात आहेत. ही सोय नसती तर त्यांनी गाडी झाकून जागेवरच ठेवली असती, आणि एप्रिलमध्ये परत आल्या आल्या त्यांची बाहेरची पाळी आली असती. आता ते जानेवारीत जागा सोडतात. त्या तिमाहीत बाहेर जायचे होते १० ते १८. नववी जागा २१ ने सोडल्यामुळे १० ते १७ एवढेच बाहेर जातात आणि १८ आतच राहतो. एप्रिलची फेरी १८ पासून सुरू होते आणि २१ ला वगळून २७ पर्यंत जाते. मोजा, बरोबर नऊ. २१ ची पाळी झाली, १८ ची पाळी फक्त एक तिमाही पुढे गेली आणि बाकी कुणाच्या पत्रातलं काहीही बदललं नाही. मात्र सोडलेल्या तिमाहीत त्यांची गाडी कुठे राहणार हे त्यांनीच बघायचं. गाडी आवारात ठेवून ‘जागा सोडली’ म्हणता येत नाही.

वर्षाच्या मध्ये कुणी नवी गाडी घेतली तर काय, हा प्रश्न लगेच आला. नव्या माणसाला यादीच्या शेवटी टाकावं असं वाटतं. पण तसं केलं तर तो पहिल्या दिवसापासून जागा घेतो आणि त्याच्यासाठी ज्याच्या हातात जागेचं पत्र आहे अशा कुणाला तरी बाहेर जावं लागतं. आमचा नियम असा की नवा सभासद पुढच्या तिमाहीत बाहेरच्या गटात बसतो. जानेवारीत ३१ सभासद झाले, तर २१ जागांसाठी बाहेर राहणार दहा. दहावा तोच. जुन्या नऊ जणांची पाळी जशीच्या तशी राहते. त्यानंतर त्याचं नाव यादीत १८ आणि १९ च्या मध्ये घातलं जातं आणि तिथून तो इतरांसारखाच फिरतो. फ्लॅट विकला गेला तर नव्या मालकाला जुन्या मालकाचाच क्रमांक मिळतो, कारण क्रम फ्लॅटचा आहे.

पहिल्या वाटपात जागांचीही सोडत काढावी लागते. १० ते ३० क्रमांकाचे सभासद आत होते, त्यांना २१ जागा चिठ्ठीने दिल्या. आधी ‘लहान गाडी’च्या दोन जागा लहान गाडीवाल्यांमध्ये, मग उरलेल्या सगळ्यांमध्ये. त्यानंतर दर तिमाहीला सगळ्यांच्या जागा बदलायच्या नाहीत. एकवीस गाड्या एका सकाळी हलवायच्या म्हटलं तर गेटवर अर्धा दिवस गोंधळ होतो. फक्त बाहेर जाणाऱ्या नऊ जणांच्या जागा परत येणाऱ्या नऊ जणांत वाटायच्या. प्रत्येक जण बाहेर जाऊन परत आला की त्याची जागा आपोआप बदलते. त्यामुळे ड्रेनेजच्या पाइपाखालची जागा कुणाच्या गळ्यात कायमची पडत नाही.

वॉचमनकडे यादी देऊन उपयोग होत नाही. रात्रपाळीचा माणूस बदलतो, यादी ड्रॉवरमध्ये राहते. काचेवर स्टिकर लावले : मोठ्या अक्षरात जागेचा क्रमांक, खाली फ्लॅट, आणि दर तिमाहीला वेगळा रंग. गेटवर त्या तिमाहीचा रंगीत कागद चिकटवला. रंग जुळला नाही की वॉचमन गाडी थांबवतो, त्याला काही वाचावं लागत नाही. नवं स्टिकर हातात घेताना जुनं परत द्यायचं. हा नियम सैल सोडला तर दुसऱ्या तिमाहीत दोन रंगांचे स्टिकर लावलेल्या गाड्या दिसू लागतात.

बदलाच्या दिवशी सर्वांत जास्त अडतं ते एकच : जागा मोकळी होत नाही. मालक गावाला, किल्ली घरात. किल्ल्या वॉचमनकडे ठेवण्याची सूचना आली होती. ती मान्य केली नाही, गाडीला ओरखडा आला तर जबाबदारी कुणाची याचं उत्तर नसतं. पंधरा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी असे तीन निरोप जातात आणि शेवटच्या निरोपाला ‘गाडी हलवतो’ असं उत्तर मागितलं जातं. उत्तर आलं नाही तर सेक्रेटरी फोन करतात. तरीही जागा अडली तर परत आलेल्या सभासदाला त्या दिवसापुरती पाहुण्यांची जागा मिळते. अडवणाऱ्याला कमिटीने परस्पर दंड लावायचा नाही. दंडाचा दर आणि पद्धत सभेने ठरवलेली असावी, आणि आधी कारणे दाखवा नोटीस देऊन त्या सभासदाचं म्हणणं ऐकलेलं असावं. चाकाला साखळी घालणं किंवा हवा सोडणं हे तर कधीच करू नये. मूळ चूक बाजूला पडते आणि पोलीस चौकीत सोसायटीच उत्तर देत बसते.

विजेवरच्या गाड्यांनी या पद्धतीत नवी गाठ घातली आहे. एका सभासदाने स्वतःच्या मीटरपासून वायर आणून ठरावीक जागेशेजारच्या खांबावर चार्जर बसवला होता. जागा फिरली की चार्जर परक्या गाडीशेजारी राहणार. त्यांची जागा कायम करा, अशी विनंती आली. ती मान्य केली असती तर पाळीत २९ माणसं आणि २० जागा उरल्या असत्या. बाहेर जाणारे तेच नऊ, पण पाळी कमी माणसांत वाटली गेल्यामुळे प्रत्येकाकडे थोडी लवकर आली असती. आणि दुसरी विजेवरची गाडी आल्यावर तिलाही तेच द्यावं लागलं असतं. तोडगा असा काढला की बाहेर राहण्याची पाळी त्यांनाही इतरांसारखीच येईल, पण आत असतील तेव्हा त्यांना चार्जरचीच जागा मिळेल. ते बाहेर असताना ती जागा ज्याला मिळेल त्याच्या पत्रात ‘एका तिमाहीपुरती’ असं लिहिलेलं असतं. मूळ सभासद परत आले की त्याने त्या फेरीत मोकळ्या झालेल्या जागांच्या चिठ्ठीत यायचं. चार्जरला कुलूप असतं, त्यामुळे परक्या मीटरवर कुणाचं बिल चढत नाही. अशा गाड्या तीन-चार झाल्या की सोसायटीच्या मीटरवर सामाईक चार्जर बसवावा लागेल, आणि त्यासाठी आधी वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. तो विषय पुढच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर स्वतंत्र ठेवला आहे, पार्किंगच्या विषयात घातलेला नाही.

सप्टेंबर संपला की कार्यालयात एक तक्ता लागतो : फ्लॅट, यादीतला क्रमांक, आतापर्यंत किती वेळा बाहेर, कोणत्या तिमाहीत, आकारलेलं शुल्क. पहिल्या वर्षअखेरीला १ ते ६ क्रमांकांपुढे दोन आणि बाकी चोवीस जणांपुढे एक असा आकडा असतो. पहिल्या सहांना सहा महिन्यांचं शुल्क, इतरांना नऊ महिन्यांचं. ही रक्कम बिलांशी ताडून पाहावी लागते, कारण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्किंगची रक्कम एकदा भरली की ती दर तिमाहीला आपोआप येत राहते. बाहेर असलेल्या सभासदाच्या बिलात ती शून्य करायला अकाउंटंट विसरला तर तक्रार थेट पद्धतीवरच येते. म्हणून प्रत्येक तिमाहीची बाहेरची यादी सेक्रेटरी सहीनिशी अकाउंटंटला बिलं काढण्याच्या आठवडाभर आधी देतात, आणि त्या नऊ फ्लॅटची बिलं छापून आल्यावर खजिनदार हाताने तपासतात.